शून्यांनी भरलेला तक्ता वाचताना

जगभरातल्या प्रयोगशाळांत एकपेशीय आरएनए-विश्लेषण शिकायला बसलेल्या विद्यार्थ्यांच्या हाती सहसा पहिल्यांदा एकच तक्ता पडतो. एका निरोगी रक्तदात्याच्या रक्तातल्या २,७०० पेशी, आणि प्रत्येक पेशीत ३२,७३८ जनुकांपैकी कोणत्या जनुकाचे किती संदेश सापडले याची नोंद. अमेरिकेतल्या टेनेक्स जीनोमिक्स या कंपनीने ही माहिती सगळ्यांसाठी खुली केली. न्यूयॉर्क जीनोम सेंटरमधल्या राहुल सतिजा यांच्या गटाने 'स्यूरा' ही संगणकप्रणाली विकसित केली आणि ती शिकवण्यासाठी हाच तक्ता उदाहरण म्हणून घेतला. तेव्हापासून अभ्यासक्रमांत, कार्यशाळांत, नव्या गणिती पद्धतींच्या चाचण्यांत हा तक्ता सतत भेटत राहतो.

आडव्या ओळींत जनुकं आणि उभ्या स्तंभांत पेशी मांडल्या, की या तक्त्यात जवळजवळ ८ कोटी ८४ लाख घरं होतात. त्यांपैकी काही ना काही आकडा असलेली घरं फक्त २२ लाख ८६ हजार ८८४ आहेत. म्हणजे दर शंभर घरांपैकी ९७ घरांत शून्य. एका पेशीमागे सरासरी साडेआठशेच्या आत जनुकं दिसतात, बाकीची ३१ हजारांहून अधिक जनुकं गप्प.

या शून्यांचा अर्थ काय लावायचा, हा या क्षेत्रातला पहिला प्रश्न आहे. पुढचं सगळं विश्लेषण त्याच्या उत्तरावर उभं राहतं.

थेंबातली पेशी

तक्ता वाचण्याआधी तो तयार कसा होतो हे पाहायला हवं. शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत तीच जनुकं असतात. पण यकृताची पेशी त्यांतली काही वापरते आणि मेंदूची पेशी वेगळी. एखादं जनुक वापरायचं झालं की पेशी त्याची संदेशवाहक आरएनएच्या रूपात प्रत काढते. त्यामुळे पेशीत कोणत्या जनुकांच्या किती प्रती फिरताहेत हे मोजलं, की ती पेशी त्या क्षणी काय करत होती याचा अंदाज येतो. पूर्वी हे मोजमाप लाखो पेशींचा आरएनए एकत्र काढून करावं लागे. हाती यायची ती सगळ्यांची सरासरी. शंभरात एखादीच असलेली पेशी त्या सरासरीत बुडून जायची.

एकाच पेशीतल्या सगळ्या संदेशांचं वाचन २००९ मध्ये पहिल्यांदा साधलं. पण तेव्हा एकेक पेशी हाताने वेगळी काढावी लागत होती. मोठी झेप २०१५ मध्ये आली. त्या वर्षी 'सेल' या नियतकालिकात 'ड्रॉप-सीक' आणि 'इनड्रॉप' या दोन पद्धती एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. दोन्हींची कल्पना सारखी होती. पेशी एका बारीक नळीतून सोडायच्या आणि तेलात तरंगणाऱ्या पाण्याच्या सूक्ष्म थेंबांत एकेक करून अडकवायच्या. प्रत्येक थेंबात एक मणी असतो. त्या मण्यावर डीएनएचे असंख्य धागे असतात आणि त्या सर्वांवर एकच खूण, म्हणजे बारकोड, असतो. थेंबात पेशी फुटते, तिचे संदेश मण्यावरच्या धाग्यांना चिकटतात आणि प्रत्येक संदेशावर त्या थेंबाचा बारकोड उमटतो. नंतर सगळे थेंब एकत्र फोडून वाचन केलं तरी कोणता संदेश कोणत्या पेशीतला, हे बारकोडवरून कळतं.

धाग्यावर आणखी एक छोटी खूण असते, ती प्रत्येक धाग्यासाठी वेगळी. वाचनापूर्वी संदेशांच्या लाखो नकला काढाव्या लागतात. या दुसऱ्या खुणेमुळे एकाच मूळ रेणूच्या हजार नकला वाचल्या गेल्या तरी त्या एकच धरता येतात. म्हणून तक्त्यातला '४' हा आकडा चार मूळ रेणू सापडल्याचं सांगतो.

'सापडले' हा शब्द इथे महत्त्वाचा. पेशी फुटल्यावर तिच्यातले सगळेच संदेश मण्याला चिकटत नाहीत. चिकटलेल्या सगळ्यांचीच प्रत नीट निघते असंही नाही. सुरुवातीच्या थेंब-पद्धतींत मूळ रेणूंपैकी साधारण दहातला एक वाचनापर्यंत पोहोचत असे. नंतरच्या रसायनांत हे प्रमाण वाढलं, तरी बहुसंख्य रेणू वाटेतच हरवतात. सामान्य पेशीत संदेशांची संख्या लाखाच्या घरात किंवा त्याहून जास्त असते आणि रक्तातल्या लहान पेशींत त्याहून कमी. वरच्या तक्त्यात मात्र एका पेशीमागे सरासरी अडीच हजारांच्या आतच रेणू मोजले गेले आहेत.

शून्याची दोन कारणं

तक्त्यातला एक तुकडा पाहू. स्यूराच्या पडद्यावर तीन जनुकं आणि पहिल्या ३० पेशी अशा दिसतात. टिंब म्हणजे शून्य.

```
CD3D   4 . 10 . . 1 2 3 1 . . 2 7 1 . . 1 3 . 2 3 . . . . . 3 4 1 5
TCL1A  . . . . . . . . 1 . . . . . . . . . . . . 1 . . . . . . . .
MS4A1  . 6 . . . . . . 1 1 1 . . . . . . . . . 36 1 2 . . 2 . . . .
```

`CD3D` हे जनुक टी पेशींचं. त्यापासून बनणारं प्रथिन टी पेशीच्या ग्राहक-यंत्रणेचा भाग असतं. `MS4A1` हे बी पेशींचं. त्याचं प्रथिन सीडी-२० या नावाने डॉक्टरांना परिचित आहे, कारण रक्ताच्या काही कर्करोगांवर दिलं जाणारं रिटुक्सिमॅब हे औषध त्यालाच जाऊन चिकटतं. आता दुसरी पेशी पाहा. `CD3D` शून्य, `MS4A1` सहा. ती बी पेशी असणार असं म्हणायला हरकत नाही. तिसरीत `CD3D` दहा आणि `MS4A1` शून्य, तेव्हा ती टी पेशी. पण चौथीत दोन्ही शून्य आहेत. या ३० पेशींत अशा सात आहेत. त्या टी किंवा बी सोडून तिसऱ्याच प्रकारच्या असू शकतील. किंवा त्यांतली एखादी टी पेशी असेल आणि तिच्यातले `CD3D`चे मोजके रेणू मण्यापर्यंत पोहोचलेच नसतील.

जनुक चालू असूनही तक्त्यात शून्य पडणं, यालाच 'ड्रॉपआउट' म्हणतात.

हे किती वेळा घडेल याचा हिशोब शाळेतल्या संभाव्यतेच्या गणिताने करता येतो. समजा, दहातला एक रेणू पकडला जातो. म्हणजे एखादा रेणू निसटण्याची शक्यता ०.९. पेशीत एखाद्या जनुकाच्या ५० प्रती असतील, तर सगळ्याच्या सगळ्या निसटण्याची शक्यता ०.९चा पन्नासावा घात, म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. प्रती १० असतील तर हीच शक्यता ३५ टक्के होते. आणि दोनच असतील तर ८१ टक्के. सारख्या शंभर पेशी घेतल्या आणि प्रत्येकीत त्या जनुकाच्या नेमक्या दोन प्रती असल्या, तरी तक्त्यात साधारण ८१ शून्यं, १८ एक आणि एखादा दोन दिसेल. पाहणाऱ्याला वाटेल, पेशी दोन प्रकारच्या आहेत. प्रत्यक्षात फरक फक्त पकडीचा.

शितावरून भाताची परीक्षा करतात, ती तांदूळ शिजला का हे पाहण्यासाठी. पातेलंभर मसालेभातात मूठभरच वाटाणे असतील आणि चमचाभर भातात एकही आला नाही, तर त्यावरून वाटाणे घातलेच नाहीत असं म्हणता येत नाही. भरपूर प्रती असलेल्या जनुकांसाठी एका पेशीचा नमुना पुरतो, मोजक्या प्रतींच्या जनुकांसाठी पुरत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे `CD4` हे जनुक. प्रतिकारशक्तीच्या पुस्तकांत टी पेशींच्या एका मोठ्या वर्गाचं नावच सीडी-४ टी पेशी असं आहे, कारण हे प्रथिन त्यांच्या पृष्ठभागावर ठसठशीत दिसतं. पण या प्रथिनाचे संदेश पेशीत थोडेच असतात. प्रथिन दीर्घकाळ टिकतं, त्यामुळे पेशीला सतत नव्या प्रती काढाव्या लागत नाहीत. परिणामी रक्ताच्या अशा तक्त्यांत सीडी-४ टी पेशींपैकी बहुतेकींत `CD4` शून्यच दिसतं. ज्यात `CD4` शून्य त्या पेशी वगळा, अशी सरळ गाळणी कुणी लावली तर हव्या असलेल्या बहुतांश पेशी बाहेर फेकल्या जातील. आणि हेच जनुक मोनोसाइट पेशींतही चालू असतं, त्यामुळे नको असलेल्या काही आत राहतील.

ड्रॉपआउट हा थेंब-पद्धतीचा खास दोष मानावा की साध्या नमुनानिवडीचा परिणाम, यावर बराच वाद झाला. सुरुवातीला अनेकांनी 'जादा शून्यां'साठी वेगळी गणिती प्रारूपं बांधली. २०२० मध्ये व्हॅलेंटाइन स्वेन्सन यांनी 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त दाखवलं की थेंबांत पेशींऐवजी सगळीकडे सारखंच द्रावण भरलं, तरी दिसणारी शून्यं वर केली तशा नमुनागणिताशी जुळतात. जादा शून्यं मानायचं कारण उरत नाही. मूळ रेणूच रेणू गळतात आणि मोजके असले की सगळेच गळू शकतात, एवढं पुरेसं आहे.

मग शून्यं भरून काढली तर? शेजारच्या सारख्या दिसणाऱ्या पेशींवरून गहाळ आकड्यांचा अंदाज बांधणाऱ्या प्रणाली आहेत. त्यांनी रंगवलेली चित्रं नितळ दिसतात. पण शेजारणीकडून उसना घेतलेला आकडा ही नवी माहिती नसते. २०१८ मध्ये टॅलुला अँड्र्यूज आणि मार्टिन हेमबर्ग यांनी अशा प्रणाली तपासल्या, तेव्हा मुळात नसलेले संबंध त्यांतून उभे राहतात असं दिसलं. म्हणून भरलेले आकडे चित्रापुरते ठेवून सांख्यिकी चाचण्या मूळ मोजणीवरच कराव्यात, असा शिरस्ता पडला आहे.

थेंब निवडणं

गट पाडण्याआधी एक गाळणी लागतेच. प्रत्येक स्तंभात एक धडधाकट पेशी असेलच असं नाही. काही थेंबांत पेशी नसते, फक्त फुटलेल्या पेशींतून सांडलेला आरएनए असतो. त्यांत फार थोडी जनुकं दिसतात. काहींत दोन पेशी शिरतात. वरच्या तुकड्यातली एकविसावी पेशी पाहा. `MS4A1` तब्बल ३६ आणि `CD3D` ३. टी आणि बी अशी दोन्ही चिन्हं एकत्र आली, की एका थेंबात दोन पेशी अडकल्याचा संशय येतो. तिसरा प्रकार मरणाऱ्या पेशींचा. पेशीचं आवरण फाटलं की आतला आरएनए गळून जातो, पण मायटोकॉन्ड्रियांच्या आतला आरएनए मागे राहतो. म्हणून अशा पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकांचा वाटा फुगलेला दिसतो.

स्यूराच्या पाठात या तक्त्यासाठी २०० ते २,५०० जनुकं दिसणाऱ्या आणि मायटोकॉन्ड्रियाचा वाटा ५ टक्क्यांहून कमी असलेल्या पेशी ठेवल्या आहेत. २,७०० पैकी २,६३८ उरतात. हे आकडे रक्ताच्या या नमुन्यापुरते आहेत. हृदयाच्या स्नायूपेशींत मायटोकॉन्ड्रिया मुळातच भरमसाट असतात. तिथे ५ टक्क्यांची अट लावली तर निरोगी पेशीच बाद होतील.

गट कसे पडतात

एका पेशीतल्या एका शून्यावर विसंबता येत नाही. पण सारख्या पेशी एकत्र आणल्या, तर चित्र बदलतं. मघाच्या उदाहरणातल्या शंभर पेशींची बेरीज केली तर त्या दोन प्रतींच्या जनुकाचे वीसेक रेणू हाती लागतात. ज्या प्रकारच्या पेशींत ते जनुक बंद आहे, त्या शंभरांत शून्य किंवा एखाददुसरा. हा फरक ठळक आहे. गट पाडण्याचं खरं बळ यात आहे. प्रश्न इतकाच, की कुणाला कुणासोबत ठेवायचं?

त्यासाठी आधी पेशींची मोजणी एका पातळीवर आणतात. एका पेशीत एकूण चार हजार रेणू सापडले आणि दुसरीत हजारच, तर थेट तुलना चुकेल. म्हणून प्रत्येक पेशीची बेरीज १०,००० मानून आकडे बदलतात आणि त्यांचा लॉगरिदम घेतात. मग ज्यांची पातळी पेशीपेशींत सर्वाधिक बदलते अशी २,००० जनुकं निवडतात. सगळ्या पेशींत सारखीच चालणारी जनुकं गट पाडायला उपयोगाची नसतात.

या २,००० जनुकांतली पुष्कळशी एकत्र चढतात, एकत्र उतरतात. बी पेशीत `MS4A1` असतं तसं `CD79A`ही असतं. एक गळलं तरी दुसरं दिसू शकतं. प्रधान घटक विश्लेषण नावाची जुनी गणिती पद्धत अशा जोडीने हलणाऱ्या जनुकांना एकेका मिश्र अक्षात गुंफते. या तक्त्यासाठी असे पहिले १० अक्ष पुरतात. २,००० आकड्यांची पेशी आता १० आकड्यांची होते आणि एकेका जनुकाच्या ड्रॉपआउटचा आवाज बऱ्यापैकी दबतो.

मग प्रत्येक पेशीच्या सर्वांत जवळच्या २० शेजारणी शोधतात. दोन पेशींच्या शेजारणी जितक्या सामाईक, तितका त्यांच्यातला दुवा भक्कम. यातून पेशींचं एक जाळं तयार होतं. जिथे आपसांत दुवे दाट आणि बाहेरच्यांशी विरळ, असे पुंजके वेगळे काढायचं काम 'लूव्हँ' नावाची कृतिप्रणाली करते. बेल्जियममधल्या लूव्हँ विद्यापीठातल्या संशोधकांनी ती २००८ मध्ये मोठ्या जाळ्यांतले समुदाय शोधण्यासाठी मांडली आणि एका दूरध्वनी-जाळ्यावर वापरून दाखवली. जीवशास्त्राशी तिचा तेव्हा संबंध नव्हता.

या कृतिप्रणालीला एक आकडा माणसाने द्यायचा असतो. त्याला 'रिझोल्यूशन' म्हणतात. तो वाढवला की गट जास्त आणि लहान होतात, कमी केला की थोडे आणि मोठे. आपल्या तक्त्यात तो ०.५ ठेवला की ९ गट पडतात. सर्वांत मोठा ७११ पेशींचा, सर्वांत लहान अवघ्या १४ पेशींचा. हा आकडा वाढवत नेला तर तेच रक्त अधिकाधिक गटांत विभागलं जाईल. रक्तात पेशींचे नेमके प्रकार किती, याचं उत्तर संगणक देत नाही. दिलेल्या बारकाव्याने पाहिलं तर किती पुंजके दिसतात, एवढंच तो सांगतो.

गट खरा आहे का, हे तपासायचे काही मार्ग आहेत. रिझोल्यूशन थोडं हलवून पाहायचं. बी पेशींचा गट बहुतेक वेळा जसाच्या तसा टिकतो, तर टी पेशींमधली सीमारेषा इकडेतिकडे सरकते. काही पेशी वगळून गट पुन्हा पाडायचे. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या व्यक्तीच्या रक्तात तोच गट दिसतो का ते पाहायचं. एकाच नमुन्यात, एकाच दिवशीच्या प्रयोगात दिसलेला गट प्रकाराऐवजी त्या दिवसाच्या हाताळणीचा असू शकतो.

शोधनिबंधांत रंगीत ठिपक्यांच्या बेटांचा जो नकाशा छापतात, तो 'यूमॅप' या पद्धतीने काढलेला असतो. तो पाहण्यासाठी सोयीचा आहे, मोजण्यासाठी नाही. अनेक मितींतली रचना कागदाच्या दोन मितींत दाबताना जवळच्या शेजारणी जवळ राहतील एवढं तो पाहतो. दोन बेटांमधलं अंतर किंवा बेटाचा पसारा यांवरून पेशींमधला खरा फरक ठरवता येत नाही. गट जाळ्यात पडलेले असतात, नकाशा त्यानंतर रंगवतात.

मार्कर जनुक नेमकं काय सांगतं

नऊ गट पडले. त्यांना शून्य ते आठ असे क्रमांक मिळाले. आता त्यांना नावं द्यायची. त्यासाठी प्रत्येक गटासाठी विचारलं जातं, की उरलेल्या सगळ्या पेशींच्या तुलनेत या गटात कोणती जनुकं जास्त चालू आहेत? जी येतात ती त्या गटाची मार्कर जनुकं, म्हणजे ओळखखुणा.

संगणक प्रत्येक जनुकासाठी काही आकडे देतो. त्यांतले दोन वाचकाने आधी पाहावेत: गटातल्या किती टक्के पेशींत ते दिसलं आणि बाहेरच्या किती टक्के पेशींत. बी पेशींच्या गटात `CD79A` सुमारे ९४ टक्के पेशींत दिसतं आणि बाहेर सुमारे ४ टक्क्यांत. अशी खूण भरवशाची. उलट ७११ पेशींच्या सर्वांत मोठ्या गटाच्या यादीत `LDHB` येतं. ते आत सुमारे ९० टक्के पेशींत आहे, पण बाहेरही जवळजवळ ६० टक्क्यांत. फरक खरा आहे, तरी एखाद्या पेशीत `LDHB` दिसलं म्हणून ती या गटातली असं म्हणता येणार नाही. त्याच यादीत `CCR7` आहे. ते आतल्या निम्म्याहून कमी पेशींत दिसतं, बाहेर मात्र दहातल्या एखाद्या पेशीत. आकडा लहान असूनही ही खूण जीवशास्त्राच्या दृष्टीने मोलाची आहे. अजून प्रतिजनाशी गाठ न पडलेल्या कोऱ्या टी पेशी `CCR7`च्या आधारे लसिका ग्रंथींत शिरतात. निम्म्याहून जास्त पेशींत ते दिसलं नाही, याचं मोठं कारण ड्रॉपआउट आहे.

म्हणजे मार्कर ही गटाची खूण आहे. ती गटातल्या प्रत्येक पेशीवर दिसेलच असं नाही.

दुसरी गोष्ट त्याहून निसरडी आहे. मार्कर नेहमी तुलनेतून ठरतो. तक्त्यात मोनोसाइटचे दोन गट पडतात. एकात ४८० पेशी, त्यांची खूण `CD14`. दुसऱ्यात १६२, त्यांची खूण `FCGR3A`. आता १४४ पेशींच्या एनके गटाकडे वळलं तर तिथेही `FCGR3A` सापडतं, कारण त्याचं प्रथिन, सीडी-१६, एनके पेशीही वापरतात. मोनोसाइटच्या आत दोन प्रकार वेगळे करायला `FCGR3A` उत्तम, पण सगळ्या रक्तातून एखादी पेशी उचलून तिचं नाव ठरवायला ते एकटं अपुरं. तसंच `NKG7` आणि `GNLY`. एनके पेशींच्या खुणा म्हणून ती सांगितली जातात, पण शत्रुपेशी मारणाऱ्या सीडी-८ टी पेशींतही ती चालू असतात. म्हणून जाणकार नाव देताना एका जनुकावर थांबत नाहीत. एनके म्हणायचं तर `GNLY`, `NKG7` हवीत आणि जोडीला `CD3D` नसावं. आणि हे 'नसावं' सगळ्या गटाची बेरीज पाहून ठरवतात, कारण एकट्या पेशीतल्या शून्याला तो अधिकार नाही.

१४ पेशींच्या शेवटच्या गटाची खूण `PPBP`. ती गटात सगळीकडे आणि बाहेर जवळपास कुठेच नाही. यादीतली इतकी स्वच्छ खूण क्वचितच दिसते. पण हा गट बिंबाणूंचा आहे. बिंबाणू म्हणजे अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे सुटलेले तुकडे, त्यांना केंद्रकच नसतं. मूळ पेशीतून आलेला थोडा आरएनए ते सोबत बाळगतात. तोच थेंबात पकडला गेला आणि तक्त्यात त्यांची पेशी म्हणून नोंद झाली. बिंबाणू दुसऱ्या पेशींना सहज चिकटतात, त्यामुळे एखाद्या मोनोसाइटमध्ये `PPBP` दिसलं तर नवा प्रकार सापडला असं जाहीर करण्याआधी चिकटलेल्या बिंबाणूची शक्यता तपासावी लागते.

संगणकाच्या यादीत आणखी एक स्तंभ असतो, पी-मूल्याचा. तिथे अविश्वसनीय वाटतील इतके लहान आकडे दिसतात, काही ठिकाणी सरळ शून्य. त्यांनी भारावून जाऊ नये, याला दोन कारणं आहेत. पहिलं, गट ज्या जनुकांच्या फरकावरून पाडले, त्याच जनुकांत फरक आहे का हे नंतर त्याच आकड्यांवर तपासलं जातं. एकजिनसी पेशींचा पुंजका घेऊन त्याचे जबरदस्तीने दोन भाग केले, तरी ज्या जनुकांच्या योगायोगी चढउताराने ते भाग पडले ती जनुकं 'लक्षणीय' ठरणारच. तिथे पी-मूल्य गटाच्या खरेपणाचा पुरावा होत नाही. यावर उपाय म्हणून मोजलेले रेणूच यदृच्छेने दोन वाटण्यांत विभागून एकीवर गट पाडायचे आणि दुसरीवर फरक तपासायचा, अशा पद्धती अलीकडे मांडल्या गेल्या आहेत.

दुसरं कारण नमुन्याच्या आकाराचं. २,६३८ पेशी म्हणजे २,६३८ स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. त्या सगळ्या एकाच माणसाच्या आहेत. रोगी आणि निरोगी यांची तुलना करताना तीन रोग्यांच्या दहा हजार पेशी मोजल्या तरी रोगी तीनच राहतात. २०२१ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं, की पेशींनाच स्वतंत्र नमुने धरणाऱ्या चाचण्या खोटे फरक भरपूर दाखवतात. प्रत्येक व्यक्तीच्या पेशींची आधी बेरीज करून मग व्यक्तींची तुलना केली, की उत्तरं वास्तवाशी जास्त जुळतात.

श्वासनलिकेतली दुर्मीळ पेशी

या सगळ्या गोष्टी एकाच प्रश्नावर कशा येऊन आदळतात, हे सिस्टिक फायब्रोसिसच्या संशोधनात दिसलं. या आनुवंशिक आजारात फुप्फुसांतला श्लेष्मा घट्ट होऊन साचतो आणि वारंवार जंतुसंसर्ग होतो. त्याला कारणीभूत असलेलं `CFTR` हे जनुक १९८९ मध्ये सापडलं. श्वासमार्गात ते नेमकं कोणत्या पेशी चालवतात, हा प्रश्न औषधांच्या दृष्टीने कळीचा आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन स्वतंत्र गटांचे निबंध आले. दोघांनीही श्वासमार्गाच्या पेशींचं एकपेशीय विश्लेषण केलं होतं आणि दोघांनाही एक चिमुकला, आधी कुणी न नोंदलेला गट दिसला. जनुकांच्या नियंत्रणात भाग घेणारं `FOXI1` ही त्याची खूण. माशांच्या कल्ल्यांत आणि बेडकांच्या त्वचेत क्षारांचं संतुलन राखणाऱ्या पेशींशी त्याचं साम्य होतं, म्हणून त्यांना 'आयनोसाइट' म्हटलं गेलं. त्या एकूण पेशींच्या एक टक्का किंवा त्याहूनही कमी होत्या. तरीही तक्त्यातले `CFTR`चे संदेश सर्वाधिक याच पेशींत एकवटलेले दिसले. दोन वेगळ्या प्रयोगशाळा, वेगळे नमुने आणि तोच गट. गट खरा असल्याचा याहून चांगला पुरावा मागता येत नाही आणि आयनोसाइटचं अस्तित्व पुढेही टिकलं.

मात्र 'सर्वाधिक `CFTR` याच पेशींत' हे विधान तितकं टिकलं नाही. आयनोसाइटमध्ये `CFTR`च्या प्रती भरपूर असतात, त्यामुळे त्या तक्त्यात हमखास दिसतात. श्वासमार्गाच्या स्रावी पेशींत प्रत्येकी प्रती थोड्या, म्हणजे ड्रॉपआउटची शक्यता मोठी. त्या पेशींत शून्यांची रांग लागते. पण स्रावी पेशी संख्येने आयनोसाइटच्या कितीतरी पट आहेत. २०२१ मध्ये माणसाच्या श्वासमार्गावर झालेल्या अभ्यासात एकपेशीय तक्त्यासोबत आरएनए थेट ऊतीच्या कापांत रंगवून पाहिला गेला, तेव्हा `CFTR`चा मोठा वाटा आणि त्याचं कामही प्रामुख्याने स्रावी पेशींकडे असल्याचं दिसलं. `CFTR` आयनोसाइटची खूण आहे हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. खूण म्हणून ठळक असलेली पेशी त्या जनुकाचं बहुतेक काम करतेच असं मात्र त्यातून निघत नव्हतं. त्यामुळे दुरुस्त `CFTR` जनुक पोहोचवणारी उपचारपद्धती आखताना एक टक्का पेशींवर नेम धरून भागत नाही, स्रावी पेशींपर्यंतही ते पोहोचवावं लागतं.